नाव माहीत नसलेल्या माणसाचे आभार

एखादा शोधनिबंध सहज हाती आला, तर सर्वसाधारण वाचक सारांश वाचतो, आकृत्या चाळतो आणि शेवटच्या पानावर जरा रेंगाळतो, कारण तिथली भाषा त्याला समजते. तिथे ऋणनिर्देश असतो. आधी पैसे देणाऱ्या संस्थेचं नाव येतं, मग प्रयोगशाळेतल्या मदतनिसांची नावं, आणि पुष्कळदा अखेरीस एक वाक्य असतं: दोन अनामिक समीक्षकांच्या सूचनांमुळे हा निबंध सुधारला, त्यांचे आम्ही आभारी आहोत. इथे वाचक थबकतो. ज्याचं नावच ठाऊक नाही त्याचे आभार कशाला मानायचे? ही नुसती रीत आहे की त्या माणसानं खरंच काही केलेलं असतं? आणि आपल्या लिखाणातल्या चुका काढणाऱ्याला कोणी मनापासून धन्यवाद देतं का?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला १९३६ सालच्या एका भांडणाइतकी चांगली जागा नाही. पण त्याआधी समीक्षक हा कोण, ते पाहू.

१. समीक्षक काय करतो?

संशोधक आपला निबंध नियतकालिकाच्या संपादकाकडे पाठवतो. संपादक तो आधी स्वतः चाळतो. विषय आपल्या नियतकालिकाचा नसेल किंवा निबंध अगदीच कच्चा असेल तर तिथूनच परत करतो. बाकीचे निबंध तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. हेच समीक्षक. बहुतेक नियतकालिकांत त्यांना या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि लेखकाला त्यांची नावं कळत नाहीत. काही ठिकाणी तर समीक्षकालाही लेखकाचं नाव कळू देत नाहीत.

समीक्षक निबंध वाचून अहवाल लिहितो: हा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही, ही शक्यता तपासली का, हा तक्ता आणि हा मजकूर जुळत नाही. अहवाल पाहून संपादक ठरवतो की निबंध घ्यायचा, परत करायचा की दुरुस्त करून मागवायचा. छापून येणाऱ्या निबंधांपैकी बहुतेक या तिसऱ्या वाटेनंच जातात. म्हणजे समीक्षक सल्ला देतो आणि निर्णय संपादकाचा असतो. पुढे आभार कोणाचे आणि कशासाठी मानायचे हे ठरवताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

लेखक हुशार असताना बाहेरच्या माणसाची गरज का पडते? लग्नपत्रिका छापायला देण्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचलेली असते. मग शेजारचे काका सहज हातात घेतात आणि विचारतात, “अहो, या तारखेला शनिवार आहे, तुम्ही रविवार छापताय.” घरच्यांच्या डोक्यात मजकूर आधीच पक्का असतो, म्हणून त्यांचे डोळे त्यावरून घसरतात. काकांच्या डोक्यात तो नसतो, म्हणून त्यांना कागदावर जे आहे तेच दिसतं.

२. आइन्स्टाइन रागावतात

१९३६ साली अल्बर्ट आइन्स्टाइन अमेरिकेत प्रिन्स्टनला होते. वीस वर्षांपूर्वी, १९१६ मध्ये, त्यांनीच गुरुत्वीय लहरींची कल्पना मांडली होती. जड वस्तू वेगानं हलल्या की अवकाशात लहरी उठतात आणि दूरवर पसरतात, असं त्यांच्या समीकरणांच्या सोप्या, अंदाजी रूपातून दिसत होतं. आता नेथन रोझेन या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी तीच समीकरणं अंदाज न वापरता, पूर्णपणे सोडवायचा प्रयत्न केला. एका सरळ रेषेत जाणाऱ्या सपाट लहरीचं वर्णन लिहू पाहताना त्यांना मध्येच अशा जागा सापडू लागल्या जिथे गणित कोलमडतं आणि राशी अनंत होतात. ही अडचण काही केल्या टळेना, तेव्हा दोघांनी निष्कर्ष काढला की अशा लहरी नसतातच. निबंधाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं: गुरुत्वीय लहरी अस्तित्वात आहेत का? आणि उत्तर होतं, नाहीत.

हा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकाकडे गेला. जून १९३६ च्या सुरुवातीला तो तिथे पोचला. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाकडे पाठवला. तज्ज्ञानं दहा पानांचा अहवाल लिहिला. टेट यांनी २३ जुलैला निबंध आणि अहवाल दोन्ही आइन्स्टाइनना पाठवून, या टीकेवर तुमचं म्हणणं कळवा, अशी नम्र विनंती केली.

अहवालातला मुख्य मुद्दा सोप्या शब्दांत सांगता येतो. पृथ्वीच्या नकाशावर रेखांशाच्या सगळ्या रेषा उत्तर ध्रुवावर एका बिंदूत येऊन मिळतात. तिथे उभ्या असलेल्या माणसाचा रेखांश किती, या प्रश्नाला उत्तरच नाही. पण म्हणून ध्रुवावर पृथ्वीला भोक पडलेलं नसतं. अडचण आपण आखलेल्या रेषांची असते. समीक्षकाचं म्हणणं असंच काहीसं होतं: तुम्हाला जिथे गणित कोलमडलेलं दिसतं, तिथला दोष निवडलेल्या मोजपट्टीचा आहे. हेच उत्तर दंडगोल आकाराच्या मोजपट्टीत लिहा. मग अडचण मधल्या अक्षावर जाऊन बसते, आणि तिथे लहरी निर्माण करणारा पदार्थ आहे असं मानलं की ती अडचणच उरत नाही. म्हणजे ज्या गणितानं लहरी नाहीत असं ठरवलं जात होतं, तेच गणित लहरींचं वर्णन करत होतं.

आइन्स्टाइननी २७ जुलैला उत्तर लिहिलं. त्याचा आशय असा होता की आम्ही निबंध छापण्यासाठी पाठवला होता, छापण्याआधी तो कुणा तज्ज्ञाला दाखवायची परवानगी दिली नव्हती. तुमच्या अनामिक तज्ज्ञाच्या, तशाही चुकीच्या, शेऱ्यांना उत्तर देण्याचं कारण मला दिसत नाही. निबंध मी दुसरीकडे छापेन. ते नुसते अहंकारानं बोलत नव्हते. ज्या जर्मन नियतकालिकांत त्यांचं तरुणपण गेलं, तिथे निबंध बाहेरच्या माणसाकडे पाठवायची सर्रास पद्धत नव्हती, संपादक स्वतः पाहून छापत असत. दुसऱ्या देशातली ही रीत त्यांना अपमानासारखी लागली. निबंध मग फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकाकडे गेला आणि तिथे स्वीकारलाही गेला.

३. त्याच माणसाचे आभार

अहवाल लिहिणारा माणूस होता हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन. तोही प्रिन्स्टनचाच प्राध्यापक होता. त्या वर्षी तो कॅलिफोर्नियात होता आणि नंतर परतला. दरम्यान रोझेन सोव्हिएत रशियात गेले होते आणि त्यांच्या जागी लिओपोल्ड इन्फेल्ड हा नवा सहायक आला होता. रॉबर्टसननं इन्फेल्डशी ओळख वाढवली, फळ्यावर गणित मांडलं आणि दोष कुठे आहे ते दाखवून दिलं. तो अहवाल माझाच होता, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. इन्फेल्डनं हे आइन्स्टाइनना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की आपल्या मांडणीत चूक असल्याचं मलाही नुकतंच, स्वतंत्रपणे, कळलं आहे.

निबंधाची प्रुफं तयार होती. आइन्स्टाइननी त्यात मोठे बदल केले. निष्कर्ष उलटा झाला, शीर्षकातला प्रश्न गेला आणि ‘गुरुत्वीय लहरींविषयी’ असं साधं नाव आलं. निबंध १९३७ च्या सुरुवातीला छापून आला आणि त्याच्या शेवटी एक छोटी टीप होती. तिच्यात आइन्स्टाइननी असं सांगितलं. रोझेन रशियाला गेल्यावर निबंधाच्या दुसऱ्या भागात मी बराच बदल केला. याचं कारण, आमच्या सूत्रांचा अर्थ आम्ही चुकीचा लावला होता. ही मूळ चूक उलगडण्यात माझे सहकारी प्राध्यापक रॉबर्टसन यांनी स्नेहानं मदत केली, त्यांचे मी आभार मानतो.

ज्या अहवालाला उत्तर द्यायला आइन्स्टाइननी नकार दिला, तो लिहिणाऱ्याचेच त्यांनी छापील आभार मानले आणि ते बहुधा त्यांच्या लक्षातही आलं नाही. रॉबर्टसननं फेब्रुवारी १९३७ मध्ये टेट यांना पत्र लिहून हा गमतीदार शेवट कळवला, पण त्याचा गाजावाजा केला नाही. समीक्षक रॉबर्टसनच होता हे २००५ च्या सुमारास, फिजिकल रिव्ह्यूच्या जुन्या नोंदवहीतून पक्कं झालं. डॅनियल केनेफिक या इतिहासकारानं ही सगळी हकीकत २००५ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर आइन्स्टाइनना जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या दोन यंत्रांनी प्रत्यक्ष टिपल्या. तसंच एक यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला भारत सरकारनं २०२३ मध्ये मंजुरी दिली. लहरी नाहीत असं सांगणारा निबंध आइन्स्टाइनच्या नावावर छापून आला असता, तर पुढच्या संशोधकांच्या वाटेत एक मोठा धोंडा पडला असता. समीक्षकाच्या दहा पानांनी तो आधीच दाखवून दिला होता.

आइन्स्टाइनच्या टिपेकडे पुन्हा पाहा. तिच्यात काय बदललं, का बदललं, कोणाच्या मदतीनं आणि बदल कोणी केला, या चारही गोष्टी आहेत. रोझेन तिथे नव्हते, म्हणून बदलाची जबाबदारी आइन्स्टाइननी स्वतःच्या नावावर घेतली. चांगल्या आभारात एवढंच असावं लागतं. तेवढं असलं की ते वाक्य शिष्टाचार न राहता निबंधाच्या इतिहासातली एक नोंद होतं.

४. आभाराच्या दोन जागा

आजच्या पद्धतीत समीक्षकाचे आभार दोन ठिकाणी मानले जातात, आणि दोन्हींची कामं वेगळी आहेत.

पहिली जागा म्हणजे दुरुस्त निबंधाबरोबर संपादकाकडे जाणारं उत्तरपत्र. त्यात समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली आपलं उत्तर द्यायचं आणि बदल कोणत्या पानावर, कितव्या ओळीत केला ते लिहायचं. सुरुवातीला एकदा आभार मानले की पुरे. प्रत्येक मुद्द्याआधी “या अत्यंत मौलिक सूचनेबद्दल शतशः आभार” असं लिहिलं की वाचणारा कंटाळतो, आणि ज्या मुद्द्यानं निबंध खरोखर बदलला त्याचे आभार त्या गर्दीत हरवतात. समीक्षकाला हवं असतं ते एवढंच की आपलं म्हणणं नीट वाचलं गेलं का. पानाचा आणि ओळीचा क्रमांक त्याला ते सांगतो.

दुसरी जागा म्हणजे छापील निबंधातला ऋणनिर्देश. हा सगळ्या वाचकांसाठी असतो आणि कायम राहतो. तो निबंध स्वीकारला जाण्याच्या सुमारास लिहायचा. पहिल्यांदा पाठवतानाच “समीक्षकांचे आभार” घालून ठेवणं म्हणजे अजून न मिळालेल्या मदतीची पावती देणं आहे. जिथे समीक्षकालाही लेखकाचं नाव कळू देत नाहीत, तिथे तर ऋणनिर्देश समीक्षा संपेपर्यंत निबंधातून काढूनच ठेवावा लागतो, कारण मार्गदर्शकाचं किंवा विभागाचं नाव वाचलं की लेखक कोण ते कळतं.

५. विहिरींचा निबंध: एक नमुना

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका महाविद्यालयातल्या भूगोलाच्या प्राध्यापिकेनं जलसंधारणाच्या कामांवर निबंध लिहिला. एका गावात नाला खोलीकरण झालं, बांध घातले गेले. कामाआधी मे महिन्यात विहिरींतलं पाणी जमिनीपासून सरासरी ९.० मीटर खोल होतं, कामानंतरच्या मे महिन्यात ६.९ मीटर. म्हणजे पातळी २.१ मीटरनं वर आली. निष्कर्ष: जलसंधारणामुळे पाणी २.१ मीटर वाढलं.

समीक्षकाचा पहिला शेरा येतो: “दुसऱ्या वर्षी पाऊसही जास्त झाला होता. काम न झालेल्या शेजारच्या गावांत पातळी किती बदलली?” प्राध्यापिकाबाई भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागवतात. काम न झालेल्या गावांत पाणी ८.८ मीटरवरून ७.३ मीटरवर आलेलं असतं. म्हणजे तिथेही, काहीही न करता, १.५ मीटर वाढ झाली. ही वाढ पावसाची धरली, तर जलसंधारणाच्या वाट्याला २.१ वजा १.५, म्हणजे ०.६ मीटर उरतं.

निष्कर्ष एक-तृतीयांशाच्याही आत आला. बाईंना वाईट वाटणं स्वाभाविक आहे. पण २.१ मीटरचा दावा पहिल्याच कोरड्या वर्षी कोसळला असता. शेजारची गावं खरोखर सारखी असतील, तर ०.६ मीटरचा दावा टिकतो.

समीक्षकाचा दुसरा शेरा असतो: “प्रत्येक विहिरीजवळच्या खडकाची चाचणी करावी.” त्यासाठी पैसाही नाही आणि वेळही. बाई उत्तरपत्रात तसं स्पष्ट लिहितात आणि निबंधाच्या शेवटी मर्यादा म्हणून घालतात की खडकाच्या प्रकारातला फरक या अभ्यासात मोजलेला नाही. सूचना मान्य न करताही आदर राखता येतो, फक्त कारण सांगावं लागतं. आभाराचं वाक्य त्या कारणाची जागा घेऊ शकत नाही.

आता ऋणनिर्देश. पहिला मसुदा असा असू शकतो:

“अनामिक समीक्षकांच्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल आम्ही त्यांचे अत्यंत ऋणी आहोत.”

यात खोटं काही नाही, पण हे वाक्य जगातल्या कोणत्याही निबंधाखाली चिकटवता येईल. त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. दुसरा मसुदा असा:

“काम न झालेल्या गावांशी तुलना करण्याची सूचना एका अनामिक समीक्षकानं केली. त्यामुळे पावसाचा परिणाम वेगळा काढता आला आणि आमचा मूळ अंदाज कमी झाला. त्यांचे आभार. निबंधात राहिलेल्या त्रुटींची जबाबदारी आमची आहे.”

हे वाचून पुढच्या संशोधकाला कळतं की ही तुलना कुठून आली. समीक्षकाचं नाव नाही, पण त्याचं काम दिसतं. तो स्वतः कधी हा निबंध उघडून पाहील, तेव्हा आपला शेरा वाया गेला नाही हे त्यालाही कळेल. शेवटचं वाक्य तितकंच महत्त्वाचं आहे. ते नसलं तर आभाराचा अर्थ “तज्ज्ञांनी तपासलंय, म्हणजे बरोबरच आहे” असा लावला जाऊ शकतो. समीक्षकानं पाहिलं म्हणजे समीक्षकानं हमी दिली, असं होत नाही.

६. कुठे थांबायचं?

समीक्षक कोण असेल याचा अंदाज लेखकाला कधी कधी येतो. भाषा ओळखीची वाटते, एखादा आवडता मुद्दा दिसतो. तरी अंदाजानं नाव छापू नये. अंदाज चुकला तर भलत्याचे आभार होतात, आणि बरोबर निघाला तर त्यानं राखलेली गुप्तता मोडते. काही समीक्षक अहवालाखाली स्वतःहून सही करतात. अशा वेळी नाव घेता येतं, पण छापण्यापूर्वी संपादकामार्फत विचारून घ्यावं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती तर सांगते की ऋणनिर्देशात ज्यांची नावं येतात त्यांची लेखी परवानगी घ्यावी, कारण नाव दिसलं की त्या व्यक्तीचा निष्कर्षाला पाठिंबा आहे असं वाचक समजतात.

निबंध विचाराधीन असताना समीक्षकाला थेट पत्र, फोन किंवा भेटवस्तू पाठवायची नाही. त्या काळात जे सांगायचं ते संपादकामार्फतच. कृतज्ञता म्हणून समीक्षकाचं नाव सहलेखकांत घालण्याचा विचारही करू नये. जो निवाड्यात सल्ला देतो तोच लेखक झाला, तर त्या सल्ल्याला अर्थ राहत नाही.

संपादकाचे आभार जरा जपून मानावेत. काही नियतकालिकं ते छापतच नाहीत, म्हणून लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचाव्यात. चालत असेल तर निर्णयाबद्दल आभार मानू नयेत. निबंध स्वीकारला म्हणून धन्यवाद, हे वाक्य देवाणघेवाणीसारखं वाटतं. संपादकाच्या कामाबद्दल मानावेत. एक समीक्षक म्हणतो तिसरा भाग काढून टाका, दुसरा म्हणतो तोच वाढवा. संपादक दोन्ही वाचून कळवतो की भाग ठेवा, पण आकडे परिशिष्टात न्या. अशा वेळी त्यानं निबंधाची घडण ठरवलेली असते, आणि ते सांगण्यासारखं असतं.

एका नियतकालिकानं निबंध परत केला, पण त्यांच्या अहवालामुळे तो सुधारला आणि दुसरीकडे छापून आला, तर आधीच्या समीक्षकांचं काय? त्यांचेही आभार मानता येतात. “या निबंधाच्या आधीच्या मसुद्यावर मिळालेल्या अनामिक सूचनांचा आम्हाला उपयोग झाला” एवढं पुरतं, परत करणाऱ्या नियतकालिकाचं नाव लिहायची गरज नाही. आइन्स्टाइनच्या टिपेनं, नकळत, हेच केलं होतं.

प्रत्येक शेरा आभाराला पात्र नसतो, हेही लक्षात ठेवावं. एखादा समीक्षक विषयाशी संबंध नसताना स्वतःच्याच पाच-सहा निबंधांचे संदर्भ घालायला सांगतो. ते मुकाट्यानं घालून वर आभार मानले, तर चुकीच्या मागणीवर आपलीही सही होते. असे संदर्भ का गैरलागू आहेत ते उत्तरपत्रात लिहावं आणि संपादकाच्या नजरेस आणावं.

आभार खरे आहेत की नुसते रीतीपुरते, हे ओळखायची एक साधी कसोटी आहे. ऋणनिर्देशातलं ते वाक्य उचलून दुसऱ्या एखाद्या निबंधाखाली ठेवून पाहा. तिथेही ते तितकंच शोभत असेल, तर ते पुन्हा लिहा, आणि या वेळी त्या सूचनेमुळे नेमकं काय बदललं ते त्यात घाला.